पहिला आयफोन घेतलाय? ॲपल खातं कुणाच्या नावावर आहे आणि आयक्लाउडमध्ये आपोआप काय जातं, हे आधी पाहा

आमगावसारख्या तालुक्याच्या गावी आयफोन अनेकदा दोन वाटांनी घरात येतो. एक तर गोंदियाच्या किंवा गावातल्या दुकानातून नवा, नाहीतर कुणीतरी दोन वर्षं वापरलेला. दोन्ही वेळा एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आयडी टाकून दिलाय, आता वापरा." कधी दुकानदार स्वतःचा ईमेल टाकतो, कधी घरात ज्याच्याकडे आधीपासून आयफोन आहे त्याचाच आयडी नव्या फोनवर लावला जातो. फोन लगेच सुरू होतो, ॲप उतरतात, म्हणून पुढे कुणी विचारत नाही.

अडचण नंतर कळते. दादाचे फोटो बहिणीच्या फोनवर दिसायला लागतात. बहीण ते "जागा खातात" म्हणून डिलीट करते आणि दादाच्या फोनवरूनही ते गायब होतात. फोन बिघडलेला नसतो, त्याला सांगितलं होतं तेच त्याने केलेलं असतं. ॲपलचं खातं आणि आयक्लाउड नेमकं कसं चालतं, खातं स्वतःचं कसं उघडायचं आणि दुसऱ्याचं खातं लागलंच असेल तर काहीही न गमावता बाहेर कसं पडायचं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने पाहूया.

(बटणांची नावं इंग्रजी स्क्रीनवर दिसतात तशीच दिली आहेत. आयओएसच्या आवृत्तीनुसार एखादं नाव थोडं वेगळं दिसू शकतं.)

ॲपल आयडी, ॲपल अकाउंट आणि आयक्लाउड : तिन्ही एकच का?

ज्याला आपण इतकी वर्षं ॲपल आयडी म्हणत होतो, त्याचं नाव 2024 मध्ये आयओएस 18 सोबत ॲपल अकाउंट झालं. नाव बदललं, खातं तेच आहे. हे खातं म्हणजे तुमची ओळख. ॲप स्टोअरमधून ॲप उतरवायचं, फोन हरवला तर शोधायचा, पासवर्ड बदलायचा, या सगळ्यासाठी हीच ओळख लागते.

आयक्लाउड ही त्या खात्याला जोडलेली साठवणीची जागा आहे. ॲपलने ती 2011 मध्ये सुरू केली. प्रत्येक खात्याला 5 जीबी जागा मोफत मिळते. एका खात्यावर एक फोन असो की तीन, जागा मिळून तेवढीच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जाईल. आयक्लाउड फोन ओळखत नाही, खातं ओळखतं. एकाच खात्याने दोन फोन सुरू केले, तर आयक्लाउडच्या दृष्टीने ते दोन्ही फोन एकाच माणसाचे असतात. मग एका माणसाचे फोटो, नंबर आणि नोट्स त्याच्या दोन्ही फोनवर सारखे ठेवणं हे तो आपलं कामच समजतो.

खातं उघडताना काय भरायचं?

नवा किंवा रीसेट केलेला आयफोन चालू केला की "Hello" लिहिलेली स्क्रीन येते. भाषा, देश, वायफाय आणि पासकोड झाल्यावर ॲपल अकाउंट विचारणारी स्क्रीन येते. तिथे खातं नसलेल्यांसाठी "Forgot password or don't have an account?" अशी ओळ असते. तिच्यावर टॅप केलं की मोफत खातं उघडण्याचा पर्याय मिळतो. घाई असेल तर ही पायरी सोडूनही पुढे जाता येतं. नंतर Settings उघडून सगळ्यात वर असलेल्या ओळीवरून हेच काम करता येतं. दुकानात गर्दी असेल, तर पायरी सोडून घरी निवांत खातं उघडणं उत्तम.

आता एकेक रकाना पाहू.

नाव आणि जन्मतारीख. दोन्ही खरी टाका. पुढे खातं अडकलं तर ओळख पटवताना ही माहिती उपयोगी पडते. दुकानदाराने घाईत टाकलेली 1 जानेवारी ही तारीख तेव्हा तुम्हाला आठवणार नाही. लहान मुलांचं खातं मात्र पालकांच्या खात्यातून उघडावं लागतं.

ईमेल. इथे दोन पर्याय असतात. तुमचा आत्ताचा ईमेल वापरा, किंवा @icloud.com ने संपणारा नवा पत्ता घ्या. तुमचं जीमेल रोज उघडत असेल तर तेच द्या. जीमेल दिलं म्हणजे गुगलचा पासवर्ड ॲपलला दिला, असं होत नाही. ते फक्त खात्याचं नाव म्हणून वापरलं जातं. ॲपलसाठी नवा, वेगळा पासवर्ड करायचा असतो.

पासवर्ड. किमान आठ अक्षरं, त्यात एक मोठं इंग्रजी अक्षर, एक लहान अक्षर आणि एक अंक हवा. हा पासवर्ड आणि फोन उघडायचा सहा आकडी पासकोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरेच जण पासकोडलाच पासवर्ड समजतात आणि वर्षभराने पासवर्ड विचारला की गोंधळतात. एका वहीत लिहून ती घरात ठेवली तरी चालेल. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका.

मोबाइल नंबर. सगळ्यात महत्त्वाचा रकाना हा. नव्या फोनवर खातं उघडायला गेलं की ॲपल सहा आकडी कोड पाठवतं. तो आधीपासून त्या खात्यावर असलेल्या उपकरणांवर दिसतो, किंवा इथे दिलेल्या नंबरवर येतो. दुकानदाराचा नंबर दिला असेल तर कोड दुकानदाराकडे जाईल. रिचार्ज न केल्याने बंद पडणाऱ्या दुसऱ्या सिमचा नंबर दिला असेल तर कोड कुणाकडेच जाणार नाही. म्हणून जो नंबर पुढची अनेक वर्षं तुमच्याकडे राहणार आहे तोच द्या.

पैसे भरण्याची पद्धत. मोफत ॲप उतरवायला कार्ड किंवा यूपीआय जोडणं सक्तीचं नाही. ॲप स्टोअरने विचारलं तर "None" निवडा. हा पर्याय यादीत सापडत नसेल, तर खात्याचा देश भारत आहे ना हे आधी पाहा.

खातं उघडून झालं की आणखी एक काम लगेच करून टाका. Settings मध्ये आपल्या नावावर टॅप करून "Sign-In & Security" उघडा आणि आई, बाबा किंवा जोडीदाराचा नंबर दुसरा विश्वासू नंबर म्हणून जोडा. फोन चोरीला गेला तर त्यातलं सिमही जातं, तेव्हा कोड या दुसऱ्या नंबरवर मागवता येतो. घरच्यांचा नंबर जोडणं म्हणजे खातं वाटून घेणं नव्हे. त्यांना तुमचे फोटो किंवा मेसेज दिसत नाहीत.

साइन इन केल्यावर आपोआप काय सुरू होतं?

खातं टाकल्यावर आयफोन प्रत्येक गोष्ट वेगळी विचारत बसत नाही. नव्या खात्यावर आयक्लाउडची बहुतेक बटणं आधीपासून चालूच असतात. त्यांचे दोन गट आहेत आणि दोन्हींचं काम पूर्ण वेगळं आहे.

पहिला गट सिंकचा. यात साधारणपणे या गोष्टी येतात :

- फोटो आणि व्हिडिओ
- कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, रिमाइंडर
- नोट्स
- सफारीचे बुकमार्क आणि उघडे टॅब
- साठवलेले पासवर्ड
- Messages ॲपमधले मेसेज
- हेल्थ ॲपची माहिती
- आयक्लाउड ड्राइव्हमधल्या फाइल

दुसरा गट बॅकअपचा. यात फोनची सेटिंग, होम स्क्रीनवरची ॲपची मांडणी आणि ॲपमधला साठा येतो. फोन चार्जिंगला लावलेला, वायफायवर आणि लॉक असेल तेव्हा, म्हणजे बहुतेक रात्री, हा बॅकअप आपोआप होतो. पहिल्या गटातल्या गोष्टी आधीच आयक्लाउडमध्ये असल्यामुळे त्या या बॅकअपमध्ये पुन्हा धरल्या जात नाहीत.

तुमच्या फोनवर नेमकं काय चालू आहे हे पाहायला Settings, मग आपलं नाव, मग iCloud उघडा. तिथे "Saved to iCloud" खाली "See All" असतं. हा लेख वाचता वाचताच ती यादी एकदा डोळ्याखालून घाला.

सिंक आणि बॅकअप यांत फरक काय?

बॅकअप म्हणजे कपाटात ठेवलेली झेरॉक्स. मूळ कागद फाटला तरी झेरॉक्स शाबूत राहते. सिंक मात्र आरशासारखं असतं. समोर जे बदललं ते आरशातही बदलतं.

फोटोंच्या बाबतीत लोकांची गल्लत इथेच होते. "फोटो आयक्लाउडमध्ये गेलेत, आता फोनमधून काढून टाकतो" असं म्हणून फोटो डिलीट केला, तर तो आयक्लाउडमधूनही जातो. फोटो आयक्लाउडमध्ये असणं म्हणजे त्याची झेरॉक्स काढलेली असणं नव्हे. डिलीट केलेला फोटो "Recently Deleted" नावाच्या अल्बममध्ये 30 दिवस राहतो, तिथून परत घेता येतो. त्यानंतर तो मिळत नाही.

मग फोनमधली जागा वाचते कशी? त्यासाठी "Optimise iPhone Storage" नावाचा पर्याय आहे आणि तो सहसा चालूच असतो. फोनमध्ये जागा कमी पडली की आयफोन मूळ मोठा फोटो आयक्लाउडमध्ये ठेवतो आणि फोनवर त्याची हलकी प्रत ठेवतो. तुम्ही फोटो उघडला की मूळ फोटो इंटरनेटवरून उतरतो. म्हणूनच रेंज नसलेल्या ठिकाणी एखादा जुना फोटो क्षणभर धूसर दिसतो. तो खराब झालेला नसतो.

याच्या नेमकी उलट गोष्टही ध्यानात ठेवा. अख्खा फोन "Erase All Content and Settings" करून कोरा केला, तर आयक्लाउडमध्ये आधी पोचलेलं काहीच जात नाही. एकेक फोटो डिलीट करणं म्हणजे "हा फोटो मला नको" असं खात्याला सांगणं. फोन कोरा करणं म्हणजे फक्त "या फोनवरून उतरून जा" असं सांगणं.

एक खातं, दोन फोन : काय काय मिसळतं?

समजा, आमगावातल्या एका घरात दादाकडे दोन वर्षांपासून आयफोन आहे. बहिणीला कॉलेजसाठी पहिला आयफोन मिळाला. दादाने प्रेमाने स्वतःचंच खातं तिच्या फोनवर टाकून दिलं.

पहिल्याच रात्री वायफायवर दादाचे हजारभर फोटो बहिणीच्या फोनवर उतरतात. दादाचे सगळे कॉन्टॅक्ट तिच्या यादीत येतात. तिने "आई" म्हणून साठवलेला नंबर आणि दादाने साठवलेला "आई" दोन वेळा दिसायला लागतो. फेसटाइमचा कॉल दोन्ही फोनवर वाजू शकतो. एकाने लावलेले कॉल दुसऱ्याच्या अलीकडच्या कॉलच्या यादीत दिसू शकतात. Messages चं सिंक चालू असेल तर साधे एसएमएससुद्धा दोन्हीकडे जाऊ शकतात, म्हणजे दादाच्या बँकेचे मेसेज बहिणीकडे आणि बहिणीचे दादाकडे. दादाने साठवलेले पासवर्डही तिच्या फोनवर येतात.

मग रविवारी बहीण मैत्रिणींसोबत सालेकसा तालुक्यातल्या हाजरा फॉलला जाते. फोटो, व्हिडिओ काढते. संध्याकाळी फोन "जागा कमी आहे" म्हणतो. ती दादाचे जुने फोटो निवडून डिलीट करते, कारण तिच्या मते ते दादाच्या फोनवर आहेतच. पण खातं एक असल्यामुळे ते दादाच्या फोनवरूनही जातात. हे 30 दिवसांच्या आत लक्षात आलं तर "Recently Deleted" मधून सगळे परत येतात. नाही आलं, तर नाही.

फोटो डिलीट करताना आयफोन एक सूचना दाखवतो. हा फोटो तुमच्या सगळ्या उपकरणांवरच्या आयक्लाउड फोटोंमधून जाईल, असा तिचा अर्थ असतो. घाईत ती कुणी वाचत नाही. ती सूचना दिसली की समजा, तुम्ही आरशासमोर उभे आहात.

दुसऱ्याच्या खात्यातून सुरक्षित बाहेर कसं पडायचं?

वरच्या घराचंच उदाहरण पुढे नेऊ. यात क्रम महत्त्वाचा आहे.

1. आधी काहीही डिलीट करू नका. बहिणीने काढलेले सगळे फोटो दादाच्या फोनवर दिसतात का ते पाहा. दोन्ही फोन वायफायवर ठेवा. दोन-तीन फोटो आणि एखादा व्हिडिओ दादाच्या फोनवर पूर्ण उघडून बघा. तिने टाकलेले नवे कॉन्टॅक्टही तिथे दिसले पाहिजेत.

2. बहिणीच्या फोनवर फोटोंचं सिंक बंद करा. Settings, नाव, iCloud, Photos. बंद करताना फोन विचारतो, फोटो उतरवून ठेवायचे की या फोनवरून काढायचे. "Remove from iPhone" निवडा. नाव ऐकून धास्ती वाटते, पण यामुळे फोटो फक्त या फोनवरून जातात. आयक्लाउडमध्ये आणि दादाच्या फोनवर ते राहतात. म्हणूनच पहिली पायरी आधी हवी.

3. कॉन्टॅक्ट बंद करा. इथेही "Keep on My iPhone" की "Delete from My iPhone" असा प्रश्न येतो. दुसरा पर्याय निवडला की दादाची यादी या फोनवरून उतरते, दादाकडे ती तशीच राहते. बहिणीचे नंबर आधीच्या अँड्रॉइड फोनपासून तिच्या गुगल खात्यात असतील, तर ते नंतर परत आणता येतात.

4. साइन आउट करा. Settings, नाव, अगदी खाली "Sign Out". इथे दादाच्या खात्याचा पासवर्ड लागतो, कारण फोन शोधण्याची सोय त्याच्या खात्यावरून काढायची असते. कशाची प्रत फोनवर ठेवायची असं विचारलं तर काहीच निवडू नका. नाहीतर दादाची माहिती बहिणीच्या नव्या खात्यात शिरेल.

5. बहिणीचं नवं खातं उघडा. तिचा ईमेल, तिचा नंबर.

6. तिच्या वस्तू तिला परत द्या. दादाने त्याच्या फोनवर बहिणीचे फोटो निवडून एअरड्रॉपने पाठवायचे. ते तिच्या नव्या खात्यात नीट दिसू लागले की दादाने आपल्याकडचे डिलीट करायला हरकत नाही. आता दोन वेगळे आरसे आहेत.

एक छोटी अडचण उरते. दादाच्या खात्याने उतरवलेली ॲप अपडेट करताना दादाचाच पासवर्ड मागू शकतात. साधी ॲप काढून स्वतःच्या खात्याने पुन्हा उतरवता येतात. व्हॉट्सॲपचं तसं करू नका. त्याच्याबद्दल पुढे वाचा.

व्हॉट्सॲपचे चॅट आयक्लाउडमध्ये जातात का?

व्हॉट्सॲपचा मामला वेगळा आहे. वर पाहिलेल्या Messages च्या बटणाचा व्हॉट्सॲपशी काही संबंध नाही. व्हॉट्सॲप स्वतःचा वेगळा बॅकअप आयक्लाउडमध्ये ठेवतं आणि तो तुम्ही ॲपमध्ये जाऊन पाहायला हवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Chats, मग Chat Backup. शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख तिथेच दिसते. तारीख नसेल तर बॅकअपही नाही. यासाठी फोनवर आयक्लाउड ड्राइव्ह चालू असावा लागतो.

हा बॅकअप परत आणायला दोन गोष्टी त्याच लागतात : तोच मोबाइल नंबर आणि तेच ॲपल खातं. बहिणीचा बॅकअप दादाच्या खात्यात झाला असेल, तर तो तिच्या नव्या खात्यात मिळणार नाही. म्हणून नवं खातं लावल्यावर, व्हॉट्सॲप न काढता, आधी एक नवा बॅकअप घ्या. तो पूर्ण झाल्याची तारीख दिसली की मग हवं तर ॲप काढून पुन्हा उतरवा.

अँड्रॉइडवरून पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप गुगलच्या खात्यात असतो आणि आयफोन तो उघडू शकत नाही. चॅट आणायचे असतील तर अँड्रॉइड फोनवर "Move to iOS" ॲप टाकून, आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच, दोन्ही फोन शेजारी ठेवून ते हलवावे लागतात. दुकानदाराने फोन आधीच सुरू करून दिला असेल तर ही संधी हुकते. मग आयफोन कोरा करून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून दुकानात "फोन फक्त चालू होतो का दाखवा, बाकी मी घरी करतो" असं सांगणं बरं. आणि सगळे चॅट आल्याची खात्री होईपर्यंत जुना फोन कोरा करू नका, विकू नका.

5 जीबी किती दिवस पुरतात?

आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की 1080p मध्ये 30 फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण 60 एमबी होतो आणि 4K मध्ये 30 फ्रेमचा साधारण 170 एमबी. साधा फोटो अंदाजे 2 एमबी धरू.

हाजरा फॉलच्या त्या एका दिवसाचा हिशेब मांडू. 150 फोटो म्हणजे 300 एमबी. 12 मिनिटांचा 1080p व्हिडिओ म्हणजे 720 एमबी. एकूण एक जीबीच्या थोडं वर. अशा पाच सहली झाल्या की मोफत जागा संपली. तोच व्हिडिओ 4K मध्ये काढला असता तर एकटाच दोन जीबीच्या वर गेला असता. त्यात व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि फोनचा बॅकअपही याच 5 जीबीत बसवायचा असतो. म्हणून नव्या आयफोनवर काही आठवड्यांतच "iCloud Storage Full" येणं हे अगदी नेहमीचं आहे.

जागा भरली म्हणजे आधीचं काही लगेच पुसलं जात नाही. पण नवे फोटो वर जायचे थांबतात आणि रात्रीचा बॅकअपही थांबतो. खरा धोका हाच आहे. सूचना दुर्लक्षित राहते, सहा महिन्यांनी फोन पाण्यात पडतो आणि तेव्हा कळतं की बॅकअप सहा महिन्यांपूर्वीचाच आहे.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, महिन्याला 75 रुपये देऊन 50 जीबी घ्यायचे. पैसे यूपीआयने भरता येतात. दर बदलू शकतो, म्हणून स्क्रीनवरची रक्कम पाहूनच पुढे जा. दुसरा, फोटोंचं सिंक बंद ठेवून 5 जीबी फक्त कॉन्टॅक्ट, नोट्स आणि फोनच्या बॅकअपसाठी वापरायचे आणि फोटो कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या सेवेत ठेवायचे. मात्र सिंक बंद असेल तर फोटो फोनच्या बॅकअपमध्ये जाऊ लागतात आणि जागा पुन्हा भरते. त्यामुळे बॅकअपच्या यादीत जाऊन फोटो तिथूनही वगळावे लागतात. तिसरा, रील्ससाठी काढलेले लांबलचक कच्चे व्हिडिओ काम झाल्यावर काढून टाकायचे आणि रोजचं चित्रण 1080p वर ठेवायचं.

घरात दोन-तीन आयफोन असतील तर पैसे एकदाच भरून जागा वाटून घेता येते. त्यासाठी "Family Sharing" आहे. त्यात एकूण सहा जण सामावतात. प्रत्येकाचं खातं वेगळंच राहतं, फक्त जागा सामाईक होते. एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. दादाला बहिणीची खरंच मदत करायची असेल, तर स्वतःचं खातं देण्याऐवजी हीच वाट बरोबर आहे.

आणि वायफाय नसेल तर? रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर एका सहलीचे फोटो वर जायला लागले, तर दिवसाचा बराचसा डेटा तिथेच संपेल. Photos ॲपच्या सेटिंगमध्ये "Mobile Data" चं बटण बंद केलं की फोटो फक्त वायफायवर वर जातात. मग अधूनमधून वायफायवर फोन ठेवायला मात्र विसरू नका.

जुना आयफोन घेताना काय पाहायचं?

खात्याचा आणखी एक धागा फोनच्या मालकीशी जोडलेला असतो. फोन शोधण्याची सोय म्हणजे "Find My" चालू असेल, तर तो फोन त्या खात्याला कुलूपबंद होतो. फोन कोरा करून टाकला तरी सुरू करताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. स्क्रीनवर "iPhone Locked to Owner" असं दिसलं की समजावं, हे तेच कुलूप आहे.

म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याने तुमच्यासमोर साइन आउट करून फोन कोरा करावा आणि "Hello" स्क्रीन वायफायला जोडून पुढे सरकते का हे तुम्ही बघावं. "आयडी नंतर काढून देतो" यावर विश्वास ठेवू नका. दुकानदाराने स्वतःच्या खात्यावर लावून दिलेल्या नव्या फोनलाही हाच नियम लागू पडतो. बिल तुमच्या नावाचं असलं तरी कुलपाची किल्ली त्याच्याकडे राहते.

फोन हरवल्यावर काही दिवसांनी "तुमचा आयफोन सापडला, लिंकवर पासवर्ड टाका" असा एसएमएस आला तर लिंक उघडू नका. चोराकडे फोन असतो, पण किल्ली नसते. ती मागण्याची ही पद्धत आहे. फोन कुठे आहे हे पाहायचं तर दुसऱ्या कुणाच्या फोनवर ब्राउझरमध्ये स्वतः icloud.com/find टाईप करून पाहा.

आज दहा मिनिटांत काय तपासाल?

Settings उघडून सगळ्यात वरचं नाव वाचा. ते तुमचं आहे का? त्यावर टॅप करून ईमेल आणि विश्वासू नंबर पाहा. दोन्ही तुमच्या हातात आहेत का? त्याच पानावर खाली या खात्यावर चालू असलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे ओळखीचा नसलेला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन दिसला, तर वरचे सहा टप्पे तुमच्यासाठीच आहेत. शेवटी iCloud मध्ये जाऊन शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख बघा. ती कालची असेल तर फोन पाण्यात पडला तरी फोनमधलं बहुतेक सगळं परत मिळेल. पावसाळ्यातली असेल, तर आज रात्री फोन वायफायवर आणि चार्जिंगला लावून झोपा.